आखाडात आलेली माणसं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या धाकट्या जावेनं, साळूबाईनं, वाणात स्टीलची वाटी दिली आणि वाटीत लेकाचं कार्ड ठेवलं. तिळगूळ वर, कार्ड खाली. बायका तिळगूळ तोंडात टाकत आणि कार्ड उलटसुलट करून बघत. रविराजचं नाव, त्याखाली कन्सल्टंट, मग इंग्रजीत बऱ्याच ओळी आणि शेवटी मोबाइलचा नंबर. तेव्हा नाशकात मोबाइल म्हणजे डॉक्टरकडे, नाहीतर बिल्डरकडे. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी मला येत नाही, पण कागद मी बोटांनी चाचपला. माझ्या धनराजच्या लग्नाची पत्रिकासुद्धा एवढी जाड नव्हती.

साळू तेवढ्यावर थांबली असती तर ती साळू कसली. कुंकू लावता लावता म्हणाली, "धनराजचं कळलं हं ताई. काळजी करू नका. आमचा रवी घेईल त्याला हाताखाली. फायली लावायला त्याला माणूस लागतोच."

भरल्या बायकांत म्हणाली. गंगापूर रोडच्या बंगल्यात, नव्या सोफ्यावर बसून म्हणाली. मी सिडकोला घरी आले. वाटी मिठाला घेतली आणि कार्ड बंबात घातलं.

झालं होतं ते असं. माझा धनराज सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत सतरा वर्षं होता. विजेची बटणं, पेट्या असलं काय काय तिथं व्हायचं. बाहेरच्या छोट्या कारखान्यांतून सुटे भाग यायचे, ते तपासून घ्यायचे किंवा परत पाठवायचे, हे त्याचं काम. त्यानं एक सही केली की टेंपो भरून माल माघारी. अंबडचे मालक त्याला बघून उभे राहायचे. मग कंपनीचं बसायला लागलं आणि व्हीआरएस आली. म्हणायला स्वेच्छा. इच्छा कंपनीची होती, सही माझ्या लेकाची.

आणि हा रविराज, धनराजहून लहान. त्याच कंपनीत धनराजनंच चिकटवला होता. थोडी वर्षं काढून बाहेर पडला आणि आयएसओ करून द्यायला लागला. त्या काळात ज्याला त्याला भिंतीवर ते दर्जाचं सर्टिफिकेट हवं होतं. फायली कशा ठेवायच्या, कुठं काय लिहायचं, हे रवी शिकवायचा. बोलायला गोड. त्यावर त्याचा बंगला झाला. बंगला झाला त्याचं मला काही नाही. पण माझ्या दिरानं आयुष्यभर माझ्या मालकाच्या जुन्या चपला घातल्या, हे साळू विसरली म्हणून मी विसरायचं का?

धनराज मला म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत माझं माझं करून बघतो. नाहीच जमलं तर जाईन रवीकडं. त्यात काय लाज?"

त्यात काय लाज, हे पुरुषांना कुठं कळतं. हळदीकुंकवाला त्यांना जावं लागत नाही.

मी म्हटलं, पहिलं कार्ड छाप. रवीच्या कार्डाहून जाड आणि त्याच्यापेक्षा जास्त ओळींचं. सतरा वर्षांत तुला काय येत नाही? त्यानं छापलं. आयएसओ, तपासणी, खरेदी, खर्च कमी करणं, कामगारांना शिकवणं, अजून दोन-तीन कसलं कसलं. ते कार्ड घेऊन तो स्कूटरवर अंबड फिरला, सातपूर फिरला, सिन्नरला जाऊन आला. चहा सगळ्यांनी पाजला. कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं. त्याच काचेखाली रवीचं कार्ड आधीच असायचं, हे त्यानं मला सांगायला नको होतं.

सिन्नरचा एक कारखानदार, सहादू म्हणून, गावाकडचाच होता. तो त्याला सरळ म्हणाला, "भाऊ, तुम्हाला सगळं येतं हे खरं हाय. पण मी तुम्हाला कशासाठी फोन करू, तेवढं सांगा."

धनराजनं स्कूटर काढली. घरी येऊन जेवताना त्यानं हे सांगितलं आणि भाकरी तशीच ठेवून उठला. मी सहादूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझी सून पल्लवी मात्र म्हणाली की तो माणूस बरोबर बोलला.

पल्लवी घरात ब्लाउज शिवते. मशीनच्या पुढ्यात बसून ती एरवी फार बोलत नाही, आणि बोलते तेव्हा मला विचारून बोलत नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी झबली, परकर, फॉल-पिको सगळं शिवते असं सांगत होते तेव्हा माझ्याकडं कोण येत होतं? बाया आल्या त्या फिटिंगच्या ब्लाउजला. मग मी तेवढंच धरलं. तुमच्याकडं लोक कशाला यायचे ते आठवा."

तो मापं मोजायच्या हत्यारांची नावं सांगायला लागला. कुठल्या मशीनवर काय येतं, शंभरातले किती नग तपासायचे. ती म्हणाली, ते तुम्हाला काय येतं ते झालं. लोकांचं काय अडलं होतं? कंपनीबाहेर, सुट्टीच्या दिवशी, घर शोधत कोण आलं होतं, आणि कशासाठी?

"यायचे कोणी कोणी. आता काय आठवतंय?"

मला आठवत होतं. मी आतून म्हटलं, "मला विचारा. चहा मी केलाय सगळ्यांचा."

तर मी सांगायला बसले. माझ्या घरी कोण आलं, काय खाऊन गेलं आणि परत तोंड दाखवलं का, हे मी विसरत नाही. अंबडचा बहिरू आला तेव्हा मी आखाड तळत होते, कापण्या कढईत होत्या. त्यानं धुतलेल्या ओट्यावर पिशवीतले पत्र्याचे तुकडे ओतले, आणि ओट्यावर पांढरी भुकटी सांडली. कापण्या डबाभर बांधून नेल्या, डबा अजून त्याच्याकडंच आहे. पुंजाराम आला नागपंचमीला. दिंडं उकडायला ठेवली होती. त्याचे स्क्रू होते, पिवळे, त्यावर पिठासारखं पांढरं. धनराज जेवण टाकून त्याच्याबरोबर गेला आणि संध्याकाळी आला. मग तो सातपूरचा, जाड चष्मा लावणारा, श्रावणातल्या शनिवारी, मी उपाशी आणि त्याला भजी करून घातली. त्याचंही तेच, पांढरं. पितरांची खीर चालू असताना दोन भाऊ आले होते, त्यांचीही कसली तरी पट्टी, पांढरी पडलेली. चैत्रात कुरडया घालताना एकजण आला होता, त्याचं भोकाचं माप चुकलं होतं. दिवाळीला आले ते मिठाई घेऊन आले, त्यांचं काही अडलेलं नव्हतं, त्यांना नुसतं गोड बोलायचं होतं.

पल्लवीनं मशीन थांबवलं होतं. म्हणाली, "आई, कापण्या म्हणजे आषाढ. दिंडं म्हणजे श्रावण. खीर भाद्रपदातली. ही सगळी माणसं पावसाळ्यातच आली."

"पाहुण्यांना पावसातच भजी सुचतात," मी म्हटलं.

पण धनराज सरळ बसला होता. "पांढरा गंज," तो म्हणाला. "जस्ताच्या प्लेटिंगवर, लोखंडाला देतात त्या मुलाम्यावर येतो. पावसाळ्यात."

आणि मग मी सगळ्यात शेवटचं, जपून ठेवलेलं काढलं. "तुमचा तो आयएसओवाला पण आलाय. पोळ्याला. पुरणपोळी खाल्ली न् रुमालात बांधलेला जॉब, कसला तरी सुटा भाग, दाखवला. तोही पांढराच. जाताना मला म्हणाला, मोठी आई, आमच्या आईला नका सांगू."

ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. चांगल्या वेळेसाठी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं परत त्यावर बसली. मापाचं काम त्यांनी सोडलं. माप चुकलेलं कोणीही सांगतो, त्याला धनराज कशाला हवा, असं पल्लवीचं म्हणणं. पांढऱ्या गंजाचं मात्र तसं नव्हतं. बाकीचे तपासणीस माल परत पाठवून मोकळे व्हायचे. धनराजला कंपनीनं वर्षानुवर्षं प्लेटिंगवाल्यांच्या शेडमध्ये पाठवलं होतं, टाकीपाशी उभं केलं होतं. जॉब ॲसिडातून निघतो, जस्ताच्या टाकीत जातो, धुतला जातो, मग त्यावर पिवळा थर चढवतात, परत धुतात, वाळवतात आणि भरतात. चूक यातल्या नेमक्या कुठल्या पायरीला झाली, हे त्याला मालाच्या तोंडाकडं बघून कळायचं. त्याला वाटायचं हे सगळ्यांनाच येतं. इतकी वर्षं केलं म्हणून त्याची त्याला किंमत नव्हती.

पण पल्लवी तेवढ्यावर भुलली नाही. ती म्हणाली, आपल्याला वाटून काय होतं, जाऊन विचारा. काम मागू नका, नुसतं विचारा. म्हणून तो पुन्हा स्कूटर घेऊन निघाला, या वेळी कार्ड न घेता. पावसात तुमचा माल परत येतो का, आला की तुम्ही कोणाला विचारता आणि भुर्दंड कोणाला पडतो, एवढंच विचारत गेला. लोक भरभरून बोलायला लागले. आयएसओवाले सांगतात, नोंदी नीट ठेवा. केमिकल विकणारा फुकट सल्ला देतो आणि जाताना एक ड्रम गळ्यात मारतो. प्लेटिंगवाला म्हणतो, माल तुम्हीच ओला ठेवला असेल. आणि भुर्दंड प्लेटिंगवाल्याला पडतच नाही, तो पडतो पत्रा दाबणाऱ्या, स्क्रू करणाऱ्या मालकाला, कारण माल त्याच्या नावानं परत येतो. म्हणजे दार कुणाचं वाजवायचं तेही कळलं. प्लेटिंगवाल्याचं नाही, त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याचं.

सिन्नरच्या सहादूला तो परत भेटला. त्याला सांगितलं, पावसात पांढरा पडून माल परत आला की मला फोन करायचा. सहादू म्हणाला, हां, आता कळलं.

मग नवीन कार्डाचा मजकूर त्यानं मला वाचून दाखवला. नाव, आणि खाली एकच ओळ: झिंक प्लेटिंगवरचा पांढरा गंज, कारण आणि उपाय. बस.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "एवढंच? सतरा वर्षांचं एवढंच? साळूच्या पोराच्या कार्डावर जागा पुरत नाही आणि तुझ्या कार्डावर गंज? बाया म्हणतील, भागीबाईचा लेक गंज खरवडायला जातो."

"म्हणू दे."

"तुला काय, तू पुरुष माणूस. कार्ड वाणात मला ठेवायचंय."

तेव्हा तो हसला नाही. माझ्यासमोर बसला आणि सावकाश म्हणाला, "आई, रवीसारखं करणारे अंबडमध्ये खूप झालेत. मी त्यांच्यातला शेवटचा. या एका कामाला मात्र लोक मलाच बोलावतील. रवीच्या गिऱ्हाइकाचा माल पांढरा पडला, तर रवीपण मलाच बोलावेल. त्याला यावंच लागेल."

मी विचार केला. रवी आमच्या दारात. पोळी खायला नाही, गरज म्हणून. दिवसाढवळ्या, रुमाल न बांधता.

म्हटलं, छाप. पण कागद जाड घे.

त्या वर्षी आखाड लागला तोच धो धो. बहिरूचा फोन आला. त्याचा अख्खा लॉट पांढरा पडून परत आला होता. मी म्हटलं पहिला माझा डबा आण म्हणावं. धनराज गेला तो बहिरूच्या कारखान्यात थांबलाच नाही, थेट त्याच्या प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये गेला आणि सकाळपासून माल निघताना बघत बसला. घरी आल्यावर त्यानं पल्लवीला सांगितलं, मी ऐकलं. पावसात माल वाळत नाही म्हणून प्लेटिंगवाल्यानं वाळवायच्या भट्टीची गरमी वाढवून ठेवली होती. तो पिवळा थर नाजूक. साठ डिग्रीच्या वर तापला की त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि मग खालच्या जस्ताला काही राखण राहत नाही. वर आणि गरम गरम माल प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधायचे. आत घाम सुटायचा.

वाळवायच्या घाईनंच माल बिघडत होता. त्यानं भट्टीचा काटा खाली आणला, वारा वाढवला, थर चढवल्यावर धुवायचं पाणी बदलायला लावलं, आणि माल गार झाल्याशिवाय पिशवीत भरायचा नाही असं सांगितलं. मग त्यातले नग मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली तपासून घेतले, कारण नुसत्या बोलण्यावर तो कधीच विश्वास ठेवत नाही. पुढचा लॉट पास झाला. त्याच्या पुढचाही. बहिरूनं त्याची फी दिली आणि माझा डबा आणून दिला. रिकामा आणला, पण आणला.

पुंजाराम आला, चष्मेवाला आला. सहादूनं सिन्नरहून फोन केला. श्रावणात माझा मुलगा घरात दिसेनासा झाला.

आणि भाद्रपदात, मी पितरांच्या खिरीला तांदूळ वाटत असताना, रविराजची गाडी दाराशी थांबली. रुमाल नव्हता. खोकं होतं. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्यांदा परत आला होता, आणि मालक त्याला विचारत होता की तुमच्या फायली काय चाटायच्या का. धनराज बाहेर गेला होता. मी रवीला बस म्हटलं. चहा सावकाश केला. दूध दोनदा उतू जाऊ दिलं.

धनराज आल्यावर रवी म्हणाला, "दादा, तू माझ्याकडूनच ये ना. माझ्या कार्डावर एक ओळ वाढवतो, प्लेटिंगची. तुझं नाव खाली टाकतो."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. साळूच्या सोफ्यावरचं ते वाक्य माझ्या कानात होतं.

धनराज म्हणाला, "ओळ माझ्याच कार्डावर राहू दे, रवी. मी येतो. मालकाला सांग, मला वेगळं बोलवा आणि माझं बिल वेगळं घ्या. तुझ्या फायलींना मी हात लावणार नाही, आणि तू माझ्या टाकीला लावू नको."

रवीनं खोकं धनराजपुढं सरकवलं आणि हो म्हणाला. मग मीच खिरीला थांब म्हटलं. घरच्या पोराला पितराच्या दिवशी उपाशी पाठवायला मी काही साळू नाही. पण निघताना मी त्याला म्हटलं, "या वेळेला आईला सांग बरं का, कशाला आला होतास ते."

दिवाळी आली आणि गेली. रवीच्या हाताखाली जायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. वाणाला पितळी डबी घेतली, स्टीलची वाटी नाही. डबीत कार्ड. साळूला पहिलं कुंकू लावलं. ती चष्मा लावून वाचायला लागली. आपल्या मराठीतच छापलेलं, म्हणून साळूलाही वाचता आलं. ती म्हणणार होती, एवढंच का. त्याला माझ्याकडं उत्तर तयार होतं, भाद्रपदापासून तयार होतं. मी म्हणणार होते, रवीला विचार.

साळूनं चष्मा काढला. "छान हं ताई," म्हणाली. "पल्लवीचं डोकं म्हणे. रवी सांगत होता. धनराज जाईल तिथं सांगतो, हे काम मला माझ्या बायकोनं शोधून दिलं."

बायका पल्लवीकडं वळल्या. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती लाजली, तिळगुळाचं ताट घेऊन आत गेली.

जाईल तिथं सांगतो. तिनं विचारलं एक वाक्य. आखाड कोणाला आठवला, दिंडं कोणाला आठवली, ओट्यावरची भुकटी कोणी पुसली? बहिरूनं नेलेला डबा कोणाच्या मनात राहिला होता? ते कार्डावर नाही, आणि धनराजच्या तोंडातही नाही.

बायका गेल्या आणि पल्लवी तिचं अडलेलं शिवण घेऊन बसली. तेवढ्यात फाटकापाशी एकजण घुटमळताना दिसला. हातात पिशवी. मी त्याला आत घेतलं. चहा केला. पाऊस नाही, दमट हवा नाही, चांगली थंडी, तरी याचं काहीतरी अडलेलंच. प्लेटिंग केल्यावर त्याच्या स्प्रिंगा मोडत होत्या. कोणाकडून प्लेटिंग करून घेतो, कधीपासून मोडतात, याआधी कोणाला विचारलं, मी सगळं एकेक करून विचारून घेतलं. तिळगूळ हातावर ठेवला, म्हणजे महिना लक्षात राहील, आणि त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

मशीनचा आवाज थांबला. आतून पल्लवीनं विचारलं, "कोण आलं होतं, आई?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "वाट चुकला होता."

धनराज येईल तेव्हा त्याला मी सांगेन. मीच.